बावीसशे पुस्तकांना किती फळी?

नामपल्लीतल्या शाळांची ग्रंथालयं बहुधा मूळ ग्रंथालय म्हणून बांधलेली नसतात. एखादा वर्ग रिकामा होतो, किंवा प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर जाते, आणि त्या खोलीत कपाटं येऊन बसतात. स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये जागा इतकी मोलाची आहे, की खोली मोठी करणं हा पर्याय कुणाकडेच नसतो. पुस्तकं मात्र येतच राहतात. काही सरकारी योजनेतून येतात, काही आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारातून उचललेली असतात, काही जानेवारीत प्रदर्शन मैदानावर भरणाऱ्या नुमाइशमध्ये घेतलेली. शिवाय शहर सोडून जाणारी किंवा घर आवरणारी कुटुंबं खोकी आणून देतात. त्यात तेलुगू असतं, उर्दू असतं, हिंदी-इंग्रजी असतंच, आणि मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे इथे रुजलेल्या मराठी घरांतून आलेली मराठी पुस्तकंही असतात.

अशा शाळेत एक दिवस मुख्याध्यापक विचारतात, "सर, नवे रॅक किती मागवायचे?" या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी खोलीकडे नजर टाकून उत्तर दिलं जातं. सहा सांगितले जातात, सहा येतात, आणि दोन वर्षांत पुस्तकांवर आडवी पुस्तकं चढू लागतात. खरं तर हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असं आहे. ते चुकतं ते गुणाकारात नाही, तर गुणाकारात घातलेल्या आकड्यांत.

या प्रकरणासाठी आपण एक शाळा कल्पू. ती नामपल्लीत आहे, पहिली ते दहावीची, पाच भाषांतली पुस्तकं असलेली. दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक 2,614 आहे. हा आकडा घेऊन सुरुवात केली तर पहिल्याच पायरीवर घसरलो. दाखल क्रमांक हा ग्रंथालयाचा इतिहास असतो. हरवलेलं, वाळवीने खाल्लेलं, बदली होऊन गेलेल्या शिक्षकांकडे राहिलेलं पुस्तक जोपर्यंत रीतसर खारीज होत नाही तोपर्यंत ते नोंदवहीत जिवंतच असतं. म्हणून आधी प्रत्यक्ष मोजदाद करायची. आपल्या शाळेत ती 2,200 भरली असं धरू. मोजताना शीर्षकं नव्हे, प्रती मोजायच्या. एकाच गोष्टीच्या 30 प्रती वर्गवाचनासाठी आल्या असतील तर फळीच्या लेखी ती 30 पुस्तकंच.

मोजदाद कधी करावी, यालाही अर्थ आहे. वर्ष चालू असताना शे-दोनशे पुस्तकं मुलांच्या दप्तरांत असतात, आणि ती कधीच एकदम परत येत नाहीत असं वाटून काही जण तेवढी जागा हिशेबातून वजा करतात. पण तेलंगणातल्या शाळा एप्रिलच्या अखेरीस बंद होतात आणि जूनमध्ये उघडतात. सुट्टीपूर्वी सगळी पुस्तकं जमा करून घेतली जातात. त्या पन्नासेक दिवसांत प्रत्येक पुस्तकाला घर लागतं, आणि नेमके तेच दिवस उकाड्याचे आणि मग पहिल्या पावसाचे. जमिनीवर रचून ठेवायला याहून वाईट काळ नाही. तेव्हा हिशेब एप्रिलअखेरचा धरायचा.

आता जाडी. इथेच सगळ्यात जास्त अंदाज मारले जातात. "पुस्तक म्हणजे एक इंच" असा एक ठोकताळा चालतो. त्याने 2,200 पुस्तकांना 2,200 इंच, म्हणजे जवळपास 56 मीटर फळी लागेल. शाळेच्या पुस्तकांना हा ठोकताळा लावणं म्हणजे अर्धे पैसे हवेत उडवणं, कारण शाळेची पुस्तकं पातळ असतात. किती पातळ, ते कागदावरून काढता येतं. पुस्तकांना नेहमी वापरला जाणारा 70 जीएसएमचा मॅपलिथो कागद साधारण 0.09 मिलिमीटर जाड असतो. 160 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानी 10 फर्मे, म्हणजे 80 कागद, म्हणजे 7 मिलिमीटरच्या आसपास. वर साधं मुखपृष्ठ. असं पुस्तक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यातही मावतं.

पण कागदावरून काढलेली जाडी फळीवर टिकत नाही. पुस्तकं दाबून घट्ट बसत नाहीत, त्यांच्यामध्ये हवा असते. मध्ये टाचण्या मारलेलं चित्रपुस्तक कण्याकडे फुगलेलं असतं. प्लास्टिकचं वेष्टण घातलं की दोन्ही बाजूंनी थोडं वाढतं. दहा वर्षं हाताळलेल्या पुस्तकाची पानं कधीच पूर्वीसारखी मिटत नाहीत. म्हणून एकेक पुस्तक पट्टीने मोजण्याचा नाद सोडावा आणि फळीच मोजावी. रीत अशी: कपाटांतल्या वेगवेगळ्या पाच जागा निवडायच्या, प्रत्येक जागी 50 सेंटिमीटरची खूण करायची, आणि तेवढ्यात उभी पुस्तकं किती बसतात ते मोजायचं. पुस्तकं इतपतच जवळ आणायची, की ती आपली आपण उभी राहावीत आणि मधलं एखादं दोन बोटांनी सहज बाहेर यावं.

आपल्या शाळेच्या गोष्टी-चरित्रांच्या कपाटात पाच ठिकाणी 38, 44, 40, 41 आणि 47 पुस्तकं आली असं समजू. मिळून 250 सेंटिमीटरमध्ये 210 पुस्तकं, म्हणजे एका पुस्तकाला 11.9 मिलिमीटर. 12 धरायला हरकत नाही. पाच आकडे एकमेकांपासून फार लांब गेले, म्हणजे एकीकडे 20 आणि दुसरीकडे 60 आले, तर त्याचा अर्थ मोजणी चुकली असा नाही. आपण दोन निराळ्या जातीची पुस्तकं एका सरासरीत कोंबतो आहोत, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हा गट फोडायचे.

गट फोडले की चित्र बदलतं. आपल्या 2,200 पुस्तकांत लहान मुलांची पातळ चित्रपुस्तकं 700 आहेत आणि ती सरासरी 4 मिलिमीटरची आहेत: 2.8 मीटर. गोष्टी, चरित्रं, विज्ञान, कविता असं सर्वसाधारण वाचन 1,300, प्रत्येकी 12 मिलिमीटर: 15.6 मीटर. शब्दकोश, ज्ञानकोश, नकाशासंग्रह असे संदर्भग्रंथ 150, सरासरी 35 मिलिमीटर: 5.25 मीटर. आणि मासिकांचे बांधलेले खंड 50, प्रत्येकी 30 मिलिमीटर: 1.5 मीटर. बेरीज 25.15 मीटर. इंचाच्या ठोकताळ्याच्या निम्म्याहूनही कमी.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. चित्रपुस्तकं एकूण पुस्तकांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा आहेत, पण लांबीत त्यांचा वाटा नवव्या हिश्श्याएवढा. उलट संदर्भग्रंथ शंभरात सात, आणि त्यांनी पाचव्या हिश्श्याहून जास्त फळी खाल्ली. म्हणून वाटेल ती 20 पुस्तकं हाताला येतील तशी उचलून सरासरी काढली, आणि त्या हाती दोन ज्ञानकोश जास्त लागले, तर सगळा हिशेब फुगतो. दोन्ही कोश सुटले तर आटतो. गटागटाने मोजण्याचं कारण एवढंच.

25.15 मीटर ही आजच्या पुस्तकांची, खेटून उभी केलेली लांबी. यात मोकळी जागा अजून आलेली नाही. आणि मोकळी जागा धरताना जी चूक होते ती माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक आहे.

समजा ठरलं, की प्रत्येक फळीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा. बहुतेक जण पुस्तकांच्या लांबीत 25 टक्के मिळवतात. 100 मीटर पुस्तकं असतील तर 125 मीटर फळी. पण 125 मीटरमध्ये 100 मीटर पुस्तकं ठेवली तर रिकामी राहिली 25 मीटर, आणि 125 मधले 25 म्हणजे पाचवा हिस्सा, चौथा नव्हे. फळीचा चौथा हिस्सा खरोखर रिकामा हवा असेल तर पुस्तकांनी तीन चतुर्थांश व्यापायला हवं, म्हणून 100 ला 0.75 ने भागायचं. येतात 133 मीटर. मोकळी जागा जितकी जास्त हवी तितकी ही तफावत वाढत जाते. निम्मी फळी रिकामी हवी असेल तर 50 टक्के मिळवून 150 येतात, आणि खरे लागतात 200. म्हणून टक्के मिळवायचे नाहीत. फळी किती भरलेली चालेल ते ठरवायचं आणि त्या अपूर्णांकाने भागायचं.

किती भरलेली चालेल हे ठरवण्याआधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. मोकळी जागा दोन कामांसाठी लागते आणि ती दोन्ही कामं निराळी आहेत. एक जागा रोजच्या हाताळणीची. परत आलेलं पुस्तक त्याच्या क्रमांकाच्या जागी सरकवायचं, तर तिथे बोट शिरायला हवं. ही जागा प्रत्येक फळीवर हवी, आज हवी आणि दहा वर्षांनीही हवी. ती कधी वापरून संपवायची नसते. दुसरी जागा वाढीची. ती संपण्यासाठीच ठेवलेली असते. या दोन्ही एकत्र करून "थोडी जागा सोडा" म्हटलं, की वाढ हळूहळू हाताळणीची जागा गिळते. मग फळी इतकी ठासून भरते, की मुलं पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढतात. कण्याचं वरचं टोक फाटलेली पुस्तकं एखाद्या फळीवर ओळीने दिसली तर तिथे फळी कमी पडते आहे हे मोजमाप न करताही समजावं. उलट पुस्तकं एका अंगावर कलून, पुठ्ठे वाकडे होऊन पडली असतील तर जागा जास्त आहे किंवा टेकू कमी आहेत.

रोजच्या हाताळणीसाठी सर्वसाधारण वाचनाच्या फळीचा 15 टक्के भाग रिकामा ठेवू, म्हणजे भागायचं 0.85 ने. संदर्भग्रंथ बाहेर जात नाहीत, त्यांची उलथापालथ कमी, तिथे 0.9 चालेल. पातळ चित्रपुस्तकांना मात्र जास्त जागा हवी. त्यांच्या कण्यावर नाव छापायला जागाच नसते, त्यामुळे मूल प्रत्येक पुस्तक पुढे ओढून मुखपृष्ठ बघतं. तिथे 0.75 धरू.

वाढ ही भविष्याची गोष्ट असली तरी तिचा पुरावा मागच्या नोंदवहीत असतो. गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती पुस्तकं दाखल झाली आणि किती खारीज झाली, हे दोन आकडे काढायचे. आपल्या शाळेत वर्षाला 120 येतात आणि 40 जातात असं धरू. निव्वळ वाढ 80. त्यातली 30 चित्रपुस्तकं, 45 सर्वसाधारण, 4 संदर्भग्रंथ, आणि एक मासिकाचा खंड. खारीज करण्याची सवय नसलेल्या शाळेत हाच आकडा 120 होतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पाचवा ग्रंथालय ही वाढती, सजीव गोष्ट असल्याचं सांगतो. हा नियम भाषणांत फार वेळा येतो. रॅक मागवताना कुणी तो आठवत नाही, हे गमतीचं आहे, कारण तो खरा तिथेच उपयोगाचा. सजीव वस्तू वाढते तशी जुन्या पेशी टाकूनही देते. दहा वर्षांत कुणी न उघडलेली, अभ्यासक्रम बदलल्याने निरुपयोगी झालेली मार्गदर्शकं दरवर्षी काढली, तर फळीच्या हिशेबात ते रॅक विकत घेण्याइतकंच मोलाचं ठरतं.

किती वर्षांची वाढ धरायची? आपण 8 वर्षं धरू. त्यापलीकडे अंदाजाला अर्थ उरत नाही, आणि त्याहून कमी धरलं तर दुसऱ्यांदा मागवलेले रॅक पहिल्यांच्या मापाशी जुळत नाहीत.

आता फळी विकत घ्यायची आहे, आणि इथे दुकानदाराचं माप आणि पुस्तकाचं माप वेगळं पडतं. लोखंडी, भोकांच्या अँगलचे उघडे रॅक शाळा सर्रास घेतात. ते "तीन फुटी" म्हणून मिळतात, म्हणजे फळी 36 इंचांची, 91 सेंटिमीटर. पण चारही कोपऱ्यांत जे अँगल उभे असतात त्यांची एक पट्टी समोरच्या बाजूला साधारण 4 सेंटिमीटर आत आलेली असते. त्या पट्टीमागे पुस्तक ठेवता येतं, पण सरळ बाहेर काढता येत नाही, कडेचं नेहमी तिरकं करून ओढावं लागतं. दोन्ही टोकांचे 4-4 सेंटिमीटर वजा केले तर वापरायला उरतात 83. पाच फळ्यांच्या रॅकवर ही तूट 40 सेंटिमीटरची होते. रॅक घेण्यापूर्वी दुकानातच टेप लावून समोरची मोकळी रुंदी मोजावी, आणि पावतीवर रॅकची रुंदी लिहिलेली असली तरी हिशेबात हीच रुंदी घ्यावी.

या एका तपशिलाने काय होतं ते पाहा. ज्याने 25.15 मीटर पुस्तकं काढली, मोकळी जागा विसरला आणि तीन फुटी, पाच फळ्यांचा रॅक 4.55 मीटरचा धरला, त्याचं उत्तर येतं साडेपाच, म्हणजे सहा रॅक. सहा रॅकवर प्रत्यक्ष वापरता येते 24.9 मीटर. पुस्तकं 25.15. म्हणजे रॅक आले त्याच दिवशी पाव मीटर पुस्तकं जमिनीवर.

फळी चार फुटांची घेतली तर रॅक कमी लागतील, असा विचार स्वाभाविक आहे. तो करू नये. सारख्या जाडीच्या फळीवर सारख्या दाटीने पुस्तकं ठेवली तर मधला झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीनाचे चार फूट केले की झोल तिप्पटीहून जास्त होतो. डेमी आकाराची पुस्तकं, म्हणजे साडेएकवीस सेंटिमीटर उंच आणि चौदा रुंद, एका मीटरमध्ये खेटून भरली तर त्यांचं वजन 22-23 किलो भरतं. गुळगुळीत आर्ट पेपरचे ज्ञानकोश असतील तर याच्या दुप्पट. तीन फूट हे माप टिकून राहिलं आहे ते उगाच नाही.

खोलीचं, म्हणजे फळीच्या पुढून मागच्या अंतराचंही तसंच. 15 इंच खोलीचा रॅक दुकानात भरभक्कम दिसतो, आणि 12 इंचीपेक्षा थोडासाच महाग असतो. पण 14 सेंटिमीटर रुंदीच्या पुस्तकामागे 24 सेंटिमीटर रिकामी जागा दिसली, की कुणीतरी तिथे दुसरी ओळ लावतंच. मागच्या ओळीतली पुस्तकं नोंदवहीत असतात, मोजदादीत सापडतात, फक्त वाचली जात नाहीत. नकाशासंग्रह सोडले तर 12 इंची पुरे.

आता हिशेब एकेका गटाचा. चित्रपुस्तकं आज 2.8 मीटर, 8 वर्षांत 240 वाढतील, त्यांचे 0.96 मीटर. एकूण 3.76, भागिले 0.75, म्हणजे 5.01 मीटर. ही पुस्तकं पहिली ते चौथीच्या मुलांची. त्यांना सहज हात पोचेल अशा उंचीवर, म्हणजे सव्वा मीटरच्या आत, तीनच फळ्या बसतात. तीन फळ्यांच्या बुटक्या रॅकवर 2.49 मीटर मिळतात, दोन रॅकवर 4.98. लागतात 5.01. तीन सेंटिमीटरसाठी तिसरा रॅक घ्यायचा का? नाही. आपली जाडीची मोजणीच इतकी अचूक नाही, आणि 8 वर्षांनंतरची पुस्तकसंख्या तर शुद्ध अंदाज आहे. गणिताने दशांश दिले म्हणून त्यांच्यावर तेवढा विश्वास टाकायचा नसतो. दोन रॅक, आणि ते खिडकीखाली.

सर्वसाधारण वाचनात एक नवीन अडचण आहे. ही 1,300 पुस्तकं पाच भाषांत आहेत: तेलुगू 400, इंग्रजी 350, उर्दू 250, हिंदी 200 आणि मराठी 100. एकत्र धरून हिशेब केला तर आजचे 15.6 मीटर, वाढीचे 4.32, भागिले 0.85, म्हणजे 23.4 मीटर, म्हणजे 29 फळ्या. पण प्रत्येक भाषा नव्या फळीवर सुरू करायची असते. हिंदी संपून त्याच फळीवर मराठी सुरू झालं, तर एकाच लिपीमुळे महिन्याभरात दोन्हींची सरमिसळ होते. म्हणून प्रत्येक भाषेचा हिशेब स्वतंत्र करून वरच्या पूर्णांकाला न्यायचा. मराठीचा करून बघू. आज 100 पुस्तकं, वर्षाला 5 वाढतात, 8 वर्षांनी 140. त्यांची जाडी 1.68 मीटर, भागिले 0.85, म्हणजे 1.98 मीटर. त्याला 83 सेंटिमीटरने भागलं की 2.38 येतात, म्हणजे 3 फळ्या. तेलुगूत वर्षाला 14, इंग्रजीत 12, उर्दूत 8 आणि हिंदीत 6 वाढतात असं धरलं, तर याच रीतीने अनुक्रमे 9, 8, 6 आणि 5 फळ्या येतात. पाचांची बेरीज 31. एकत्र हिशेबापेक्षा दोन फळ्या जास्त. भाषा वेगळ्या ठेवण्याची ही किंमत, आणि ती मोजण्याजोगी स्वस्त आहे. विषयवारीही अशीच नव्या फळीवर सुरू करायचा हट्ट धरला तर मात्र ती परवडणार नाही. मग दर विषयाला सरासरी अर्धी फळी वाया जाते. भाषा नव्या फळीवर, विषय मात्र ओळीतच, मध्ये एक टेकू ठेवून, हे मला व्यवहारी वाटतं.

31 फळ्यांना पाच फळ्यांचे 7 रॅक लागतात, आणि 4 फळ्या शिल्लक राहतात.

उर्दूच्या बाबतीत हैदराबादच्या ग्रंथालयांना एक निर्णय घ्यावा लागतो, जो पुण्याच्या ग्रंथपालाला सुचणारही नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. शाळेने उर्दू फळीवरचा क्रमही उजवीकडून लावायचा ठरवला, तर वाढीची मोकळी जागा फळीच्या डाव्या टोकाला सोडावी लागेल, आणि टेकूही डावीकडून. बाकी चार भाषांच्या फळ्यांवर ती उजव्या टोकाला. कुठलाही क्रम लावा, पण पाटी लावून एकच ठेवा. सहा फळ्यांपैकी तीन इकडून आणि तीन तिकडून लागल्या, तर क्रम मध्येच उलटतो आणि रिकामी जागा असूनही कामाला येत नाही.

संदर्भग्रंथ आणि खंड उरकून टाकू. संदर्भग्रंथ 8 वर्षांनी 6.37 मीटर, 0.9 ने भागून 7.08, म्हणजे 9 फळ्या. मासिकांचे खंड 1.74 मीटर, भागून 1.93, म्हणजे 3 फळ्या. हे ग्रंथ उंच असतात, दोन फळ्यांत 25 ऐवजी 33 सेंटिमीटर अंतर हवं, त्यामुळे त्याच उंचीच्या रॅकवर पाचऐवजी चारच फळ्या बसतात. 12 फळ्यांना 3 रॅक. फळीची लांबी मोजून थांबणाऱ्याचा हिशेब इथे हमखास चुकतो. पुस्तकाच्या उंचीने फळी लांब-आखूड होत नाही, पण एका रॅकवर किती फळ्या मिळतील ते तीच ठरवते.

एकूण झाले 12 रॅक: 2 बुटके, 7 पाच फळ्यांचे, 3 चार फळ्यांचे. नजरेने सांगितलेल्या सहाच्या दुप्पट. उंच दहा रॅक ओळीने लावले तर 9.1 मीटर भिंत लागते. वीस फूट बाय वीस फुटांच्या वर्गाची एक भिंत 6.1 मीटरची, तेव्हा दार आणि खिडकी नसलेल्या दोन भिंतींवर हे दहा बसतात आणि मधली जागा सतरंजीला उरते. भिंतीला लावलेले उंच रॅक वरच्या बाजूला भिंतीत पक्के करावेत. मुलं खालच्या फळीवर पाय देऊन वर चढतात, त्याला नियम करून उपाय नाही.

या हिशेबात एक वाढ अजून धरलेली नाही, आणि ती नवीन पुस्तकांमुळे होत नाही. जुनं पुस्तक फाटलं की बांधणीला जातं. दोन पुठ्ठे, कापडी कणा आणि अस्तराचे कागद लावून ते परत येतं तेव्हा साधारण 3 मिलिमीटरने जाड झालेलं असतं. 12 मिलिमीटरच्या पुस्तकाला हे चौथ्या हिश्श्याइतकं आहे. तेलुगूच्या 400 पुस्तकांतला तिसरा हिस्सा जरी 8 वर्षांत बांधणीला गेला तरी 40 सेंटिमीटर, म्हणजे अर्धी फळी, पुस्तकांची संख्या न वाढता भरते. चित्रपुस्तकांना तर अशी बांधणी करूच नये. 4 मिलिमीटरचं पुस्तक 7 चं होतं, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या प्रतीच्या किमतीजवळ जातो.

शिल्लक राहिलेल्या 4 फळ्या याच कामाला येतात. त्या सगळ्या शेवटच्या रॅकवर एकत्र ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तेलुगू फळी भरली आणि रिकामी फळी मराठीच्या पलीकडे असली तर मधली सगळी पुस्तकं सरकवावी लागतात. वाढीच्या प्रमाणात वाटायचं तर तेलुगूनंतर एक, इंग्रजीनंतर एक आणि उर्दूनंतर एक अशी एकेक फळी रिकामी सोडायची, आणि चौथी परत आलेली पण अजून जागेवर न लावलेली पुस्तकं ठेवायला दाराजवळ. मग दर एप्रिलमध्ये मोजदादीच्याच वेळी प्रत्येक भाषेची भरलेली लांबी टेपने मोजून नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. आज मराठीच्या तीन फळ्यांवर 1.2 मीटर पुस्तकं आहेत, म्हणजे 2.49 मधली 48 टक्के. हा आकडा वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास वाढायला हवा. एखाद्या वर्षी तो एकदम दहाने वाढला, तर कुणीतरी घर आवरून खोकी दिलेली असतात, आणि रॅकचा विचार करण्याआधी ती खोकी चाळून बघणं जास्त गरजेचं असतं.